बाद ओळीवरची रेघ

माझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात एक नियम होता, तो मीच घातलेला. ज्याने सुचवलेली ओळ बाद होईल, त्यानेच उठून तिच्यावर लाल रंगाने काट मारायची. सगळ्यांसमोर. आणि रेघ सरळ पाहिजे. हात थरथरला, रेघ वाकडी गेली, तर ओळी लिहायचा पांढरा पत्रा पुसायचा, ओळ पुन्हा लिहायची आणि पुन्हा काट मारायची. चाळीस वर्षं मी चंद्रपुरात पाट्या आणि भिंती रंगवल्या. हाताखाली किती पोरं आली न् गेली, या नियमाने रडली नाहीत अशी थोडीच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्या ओळी लोकांच्या तोंडात बसायच्या. शिकलेल्यांच्या बसत नव्हत्या.

आता दुकान सून चालवते. किल्ल्याच्या भिंतीला लागून तीच जागा आहे, पण ब्रशाच्या जागी कॉम्प्युटर आला, बाटल्यांवरचे स्टिकर निघतात, फ्लेक्स निघतात. मी कोपऱ्यात खुर्चीवर असतो. पांढरा पत्रा मात्र मी भिंतीवरून काढू दिला नाही, आणि नियमही.

त्या दुपारी मोहर्लीकडच्या, वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून मधवाल्या बचत गटाची अध्यक्षीण आली. पन्नाशीची बाई, पायात प्लास्टिकची चप्पल, पिशवीत मधाची एक बाटली. सोबत त्यांचा हिशोब लिहून देणारा मास्तर. जंगलाच्या गेटाजवळच्या एका रिसॉर्टने त्यांचा मध दुकानात ठेवायचं कबूल केलं होतं, पण बाटलीवर लेबल आणि लेबलवर एक ओळ हवी होती. पोळी काढायला झाडावर चढणारा माणूस तिचा नवराच होता. ती पहिल्यांदा तेवढंच बोलली, "माह्या माणसावर काही येऊ नये, असं लिहा बाई." हे ती सुनेला म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळात पत्र्यावर चार ओळी लिहून झाल्या. एक मास्तरची, एक सुनेची, एक त्या बाईची, एक माझी. सुनेने बाजूला चार खाने पाडले. ओळ वाचल्याबरोबर समजते का. जे म्हटलं ते दाखवून देता येते का. चाल कशी आहे. आणि कायद्यात अडकू का. पहिल्या तीन गोष्टी मी आयुष्यभर मनात करत आलो, खाने न पाडता. चौथी मी कधी केली नाही. रंगवणाऱ्याने कायदा कशाला पाहायचा.

मास्तरची ओळ होती, ‘रोज चमचाभर मध, मधुमेह होईल रद्द.’

"मास्तर," मी म्हटलं, "साखरेच्या रोग्याले मध पाजून मारता का?"

अध्यक्षीण हसली. मास्तर म्हणाला, "जुन्या लोकाईचं म्हणणं आहे जी ते."

"जुने लोक लेबलवर सही करून देत नाई," सून म्हणाली. "खायच्या वस्तूनं रोग जाते असं छापताच येत नाई. पह्यल्या तपासणीत परवाना अडकते."

मी ब्रश पुढे केला. मास्तरने काट मारली. वाकडी. मी पुसून परत लिहायला लावली. त्याच्या कानापर्यंत लाली चढली, शर्टाच्या बाहीला लाल रंग लागला. "मास्तर, फळ्यावर तरी सरळ लिहता का?" असं मी विचारलं. अध्यक्षीण या वेळी हसली नाही.

सुनेची ओळ होती, ‘जंगलातून थेट तुमच्या घरी.’ तिनेच तिच्यावर बोट ठेवलं. समजते, खरी आहे, अडकत नाही. पण अशी ओळ तांदळावरही आहे, चारोळीवरही आहे, लोणच्यावरही आहे. लोक वाचतात आणि विसरतात. मी काही बोलायच्या आत तिने ब्रश घेतला आणि काट मारून टाकली. सरळ. मला ते आवडलं नाही. काट मारायला मी सांगायला हवं होतं.

मग अध्यक्षीणबाईची ओळ. ‘अर्धं पोळं माशीचं, अर्धं आमचं.’

मी खुर्चीवरून उठलो. मला उठायला वेळ लागतो, पण अशा वेळी लागत नाही.

"बाई, हे काय लिहलं? गिऱ्हाइकाले वाटन बाटली अर्धीच भरली."

ती म्हणाली, "भाऊ, आमी पोळं सगळं नाई तोडत. मधाचा भाग तेवढा काढतो, पिल्लाईचा भाग झाडालेच ठेवतो. मंग माशी त्याच झाडावर राह्यते. गटात ठराव आहे आमचा, रजिष्टरात लिहला आहे."

"आन् बरोबर अर्धं ठेवता? झाडावर फुटपट्टी नेते का तुहा नवरा?"

"फुटपट्टी कायले नेईन?"

"मंग अर्धं काऊन लिहलं? एखाद्यानं मोजलं न् पाव निघालं, तं? खोटी नाई का ठरत तू?" मला जोर चढला. "आन् चाल ऐक. माशीचं, आमचं. धान कांडतानाचं गाणं म्हणून राह्यली का तू? असं कोणी बाटलीवर लिहते? वाटा म्हणावं. माशीचा वाटा ठेवून काढलेला मध. असं एका दमात गेलं पाह्यजे. तुमाले बोलताच येत नाई तं लिहता कायले?"

हे मी रागात बोललो. चाळीस वर्षांची सवय आहे, वाईट ओळ ऐकली की तोंड आपोआप ती नीट करतं. मी ब्रश तिच्या हातात दिला, तिने मुकाट्याने काट मारली. डोळ्यांत पाणी होतं, पण रेघ सरळ आली. चूल सारवणारा हात, मी मनात म्हटलं.

मग माझी ओळ राहिली. मी ती मोठ्याने वाचली, कारण ती वाचायचीच ओळ आहे.

‘जिथं माणसाला बंदी, तिथला मध सुगंधी.’

आजही सांगतो, अशी ओळ त्या पत्र्यावर दुसरी झाली नाही. समजायला वेळ लागत नाही. चाल अशी की गेटवरचे पर्यटक गाडीत म्हणत बसतील. मास्तरसुद्धा ओठांत पुटपुटला. सुनेने पहिल्या खान्यात बरोबरची खूण केली. तिसऱ्या खान्यातही केली. दुसऱ्यापाशी थांबली.

"मामाजी, माणसाले बंदी कुठी आहे?"

"कोअरमध्ये, जंगलाच्या आतल्या भागात. साऱ्या दुनियेले मालूम आहे."

"बाई, तुमचा मध कुठचा?"

"बफरातला, कोअरच्या बाहेरच्या पट्ट्यातला," अध्यक्षीण म्हणाली. "आमच्या गावाच्या हद्दीतला. कोअरमध्ये पाय टाकत नाई आमी."

"म्हणजे छापलं न् खोटं निघालं, तं गिऱ्हाइकाची फसवणूक," सून म्हणाली. "आन् कोणी खरं मानलं, तं गुन्हा. कोअरमधून मध काढला असं आपणच बाटलीबाटलीवर लिहून दिलं. पह्यले कोणाले बोलावतीन? झाडावर चढणाऱ्याले."

अध्यक्षीणीने पिशवीतली बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली होती, ती तिने पुन्हा पिशवीत ठेवली. "भाऊ, तुमी माह्या माणसाले आत टाकता का?"

"कोण वाचते एवढं?" मी म्हटलं. "लेबल का कोर्टाचा कागद आहे?"

सुनेने पेन खाली ठेवला. ती चढ्या आवाजात बोलत नाही, हेच तिचं वाईट आहे.

"वाचते, मामाजी. याच्याआधी वाचलं होतं."

दुकानात ही गोष्ट कोणी काढत नाही. माझा मुलगा, तिचा नवरा, एका गेटवर गाइड होता. त्याने आपल्या जिप्सी गाडीच्या मागे लिहायला स्वतः ओळ आणली होती, ‘चला, जंगल पाहू.’ मी याच पत्र्यावर ती बाद केली. त्यालाच काट मारायला लावली, दोनदा, कारण पहिली वाकडी गेली. त्याच्या जागी मी लिहिलं, ‘आमच्या संगं या, वाघ पाहूनच जा.’ एका पाहुण्याला वाघ दिसला नाही. त्याने गाडीच्या मागचा फोटो काढून तक्रार केली की लेखी हमी दिली आणि फसवलं. मुलाचं नाव गाइडच्या यादीतून गेलं. तो आता हैदराबादला एका हॉटेलात भांड्यांचं काम बघतो. माझ्याशी बोलत नाही.

"तो गेला तो तुह्या तोंडामुळे," मी सगळ्यांसमोर सुनेला म्हटलं. "बायको घरात बरोबर असती, तं माणूस गाव सोडत नाई."

मास्तर खाली बघू लागला. अध्यक्षीण म्हणाली, "भाऊ, असं बोलू नये." सुनेने माझ्या ओळीच्या चौथ्या खान्यात फुली मारली. मग पत्र्याच्या खाली रिकामी जागा होती तिथे काळ्या पेनने लिहिलं, ‘माशीचा वाटा ठेवून काढलेला मध.’ आणि एकेक खाना भरत गेली. समजते. ठरावाचं रजिस्टर दाखवता येते, झाडावर ठेवलेला भाग दाखवता येते. चाल चांगली. कायद्यात अडकत नाही.

"ही ओळ कोणाची म्हणायची?" मास्तरने विचारलं.

"बाईची," सून म्हणाली. "नीट केली मामाजीनं."

अध्यक्षीण दोनदा ती ओळ वाचून म्हणाली, "हेच तं म्हणायचं होतं मले." तिने लेबलच्या कागदावर सही केली आणि बाटली पुन्हा बाहेर काढून नमुना म्हणून सुनेच्या हातात दिली.

मग सुनेने ब्रश लाल रंगात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

मी म्हणू शकलो असतो की दुकान माझं आहे. म्हटलं नाही. नियम माझा होता, आणि ज्या मास्तराला मी दोनदा उभं केलं तो समोर बसला होता. अध्यक्षीण म्हणाली, "राहू द्या बाई, म्हातारं माणूस आहे." त्या शब्दाने मी उठलो. कोणाची दया घेऊन मी कधी बसलो नाही. ‘जिथं’ पासून ‘सुगंधी’ पर्यंत एका दमात रेघ ओढली.

ते दोघं गेल्यावर सुनेने मोबाइलने पत्र्याचा फोटो काढला. मी विचारलं, "कायले?"

"त्याईले, हैदराबादले पाठवून राह्यली."

ती स्टिकरचं डिझाइन करत बसली. मी पत्र्याकडे पाठ करून खुर्चीत बसलो. बऱ्याच वेळाने तिचा फोन वाजला. तिने पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.

"काय म्हणते?" मी विचारलं. तीन वर्षांत त्याच्याबद्दल पहिल्यांदाच विचारलं.

"काही नाई, मामाजी."

"वाच."

तिने फोन सुलटा केला. तिला वाचायचं नव्हतं हे मला दिसत होतं, तरी मी हात पुढे केला नाही, चष्मा घरी होता. तिने वाचलं.

"बाबाईले विचार, रेघ सरळ आली का? नाई तं पुसून परत मारायले लाव."