भिंतीवरची वही

गणिताच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत मागून ‘पाढा’ म्हणत, कारण वर्षभर त्या एकच गोष्ट घोकत होत्या: मुलाची वही भिंतीवर दिसली पाहिजे.

त्यासाठी हवा होता एक छोटा कॅमेरा, वाकत्या दांड्यावर बसवलेला. खाली वही ठेवली की मुलाचं अक्षर, खाडाखोड, सगळं प्रोजेक्टरमधून मोठं होऊन भिंतीवर. फळ्यावर बाईंचं बिनचूक गणित उतरवून मुलं माना डोलावतात. चूक मात्र वहीत एकटीच राहते, असं त्यांना वाटे. एकटं राहण्याविषयी त्यांना थोडीफार माहिती होती. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या घंटेपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. रविवारी ताईचा फोन येई तेव्हा आवाज आधी खाकरून मोकळा करावा लागे.

‘‘अगं, तुला बोलायला माणूस हवाय आणि तू कॅमेरा मागत फिरतेस,’’ ताई म्हणाली होती.

व्यवस्थापनाच्या बैठकीला त्या एकट्याच गेल्या. भूगोलाचे सर ‘मी येतो ना बरोबर’ म्हणाले होते. ऐनवेळी त्यांना नकाशे लावायचे आठवले.

लांब टेबलाभोवती अध्यक्ष, खजिनदार आणि मुख्याध्यापिका. टेबलावर बाईंनी दाखवायला आणलेला कॅमेरा, प्रोजेक्टर आणि मुलांच्या काही वह्या. बाईंनी गरज सांगितली. मग चाचणी. पाचवीच्या दोन तुकड्या, दोन्हींना शिकवणाऱ्या त्याच, भागाकाराचा एकच धडा. एका तुकडीत हाच उसना आणलेला कॅमेरा, दुसरीत नुसता फळा. आधी दोन्हींची सरासरी वीसपैकी अकरा. महिन्यानंतर फळ्याची तेरा, कॅमेऱ्याची पंधरा.

‘‘पण दोन्हीकडे मीच होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि नव्याची नवलाई असते. पुढच्या सत्रात दुसऱ्या कुणीतरी करून बघायला हवं.’’

‘‘बाई, स्वतःच्याच पायावर कशाला धोंडा मारताय?’’ खजिनदार हसले. ‘‘खर्च बोला.’’

सहा वर्गांना सहा कॅमेरे. प्रोजेक्टर वर्गांत आहेतच. तारा, दुरुस्तीची तरतूद. शेवटी शिक्षकांचं प्रशिक्षण: दोन अर्धे दिवस, आणि प्रत्येकाचा एक तास दुसऱ्याने बघायचा. त्या वेळी बदली शिक्षकांचं मानधन.

‘‘प्रशिक्षण कसलं? बटण दाबायचं!’’ अध्यक्ष उठले. मनाने दिलदार माणूस. शाळेच्या छपराला स्वतः पैसे दिले होते. नमुन्याच्या वह्यांतली एक उचलून त्यांनी कॅमेऱ्याखाली सरकवली.

भिंतीवर ६१२ भागिले ६. उत्तर, १२. वर कोपऱ्यात मुलाचं नाव.

‘‘अरे वा! याला दुकानात बसवा, महिन्यात टाळं!’’

खजिनदारांना ठसका लागला इतकं हसू आलं. मुख्याध्यापिकाही हसल्या. अध्यक्षांनी खूश होऊन चूक आणखी मोठी केली. भिंतभर बारा, आणि वर ते नाव.

बाई भिंतीकडे बघत होत्या. सहा वर्ग, सहा भिंती, प्रत्येक भिंतीवर एक नाव. कागदावर प्रशिक्षण त्यांनी सर्वांत शेवटी टाकलं होतं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं.

‘‘नाव झाका,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘आधी मुलाला विचारायचं, तुझी वही दाखवू का. मग नाव झाकायचं. मग वर्गाला विचारायचं, यात बरोबर काय आहे. बघा, सहा एके सहा बरोबर. एक खाली आणला, बरोबर. एकात सहा जात नाहीत, तिथे शून्य लिहायचं राहिलं. बारात सहा दोनदा, तेही बरोबर. एक पायरी चुकली. आपण अख्ख्या पोराला हसलो.’’

अध्यक्षांनी वही मिटली, जरा हळू.

‘‘मुद्दा पटला,’’ खजिनदार म्हणाले, ‘‘पण बदलीचं मानधन यंदा बसत नाही. कॅमेरे घ्या, सहाच्या सहा. शिकवायचं पुढच्या वर्षी बघू.’’

‘‘मग एकही नको.’’

‘‘बाई!’’ मुख्याध्यापिका पुटपुटल्या.

‘‘किंवा दोनच द्या. उरलेल्या पैशांत शिक्षकांना शिकवू. तेही नसेल तर प्रस्ताव मागे घेते.’’

प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला. उसना कॅमेरा तेवढा बाईंच्या वर्गात राहू द्यायचा, असं ठरलं.

जिन्यात भूगोलाचे सर भेटले. ‘‘हातात आलेले सहा घालवलेत? माझाही गेला की! धन्य आहात.’’ ते उत्तरासाठी थांबले नाहीत.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी वर्गात खुर्च्या मांडल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं, बिनखर्चाचं शिकवते, या. कुणी आलं नाही. कुणाला घर होतं, कुणाला बाजार. बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. मग उठल्या, स्वतःच एक गणित मुद्दाम चुकवून कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, ‘‘यात बरोबर काय आहे?’’

‘‘कुणाशी बोलताय?’’ दारात मुख्याध्यापिका, हातात किल्ल्यांचा जुडगा. शाळा बंद करायला आल्या होत्या.

‘‘प्रशिक्षण चालू आहे.’’

मुख्याध्यापिकांनी भिंतीकडे पाहिलं. आत आल्या नाहीत, बसल्याही नाहीत.

‘‘पहिली ओळ बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आटपा आता, मला कुलूप लावायचंय.’’