एका पानाचा अर्ज

गोंदियात आमचा भातगिरणीची यंत्रं बनवणारा कारखाना आहे. मी तिथे अर्ज वाचून माणसं निवडायचं काम करते. यंत्रं परदेशात जाऊ लागली तेव्हा तिकडे जाऊन ती बसवून देणारा इंजिनिअर हवा होता. इंटरनेटवर जाहिरात दिली आणि निरनिराळ्या देशांतून अर्ज आले.

भाऊंनी, म्हणजे मालकांनी, आधी इटलीचा उचलला. फोटो, जन्मतारीख, तीन पानं, शेवटी माहिती वापरायला संमती. "याले म्हणतात अर्ज," ते म्हणाले. आपल्याकडचे अर्ज तर चार-चार पानांचे, वडिलांच्या नावापासून 'वरील माहिती खरी आहे'पर्यंत सगळं लिहिलेलं.

अमेरिकेचा अर्ज मात्र एकाच पानाचा होता. भाऊंनी तो उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"फोटो नाही, वय नाही. काऊन? काही लपवून राहिला का हा?"

"नाही भाऊ. तिकडे फोटो, वय टाकतच नाहीत. ते पाहून कोणी नाकारू नये म्हणून. जुन्या नोकऱ्याही गाळतात, कामाचं तेवढंच ठेवतात."

"मंग माणूस कसा समजाचा?"

भाऊंना पटलं नव्हतंच. एकीकडे तीन पानं, एकीकडे एक. लांब अर्ज आपोआप वजनदार वाटत होता. मी सगळ्यांची माहिती एकाच साच्यात उतरवली: कोणती यंत्रं बसवली, किती वर्षं, कुठे कुठे फिरले. फोटो, वय, वडिलांचं नाव काढून टाकलं. दुपारच्या चहाबरोबर ते कागद भाऊंसमोर ठेवले. एका पानाच्या अर्जवाल्याने भाताची यंत्रं सगळ्यांत जास्त बसवली होती. इटलीवाल्याचं काम चांगलं होतं, पण बहुतेक मक्याचं.

"बोलू त्याच्याशी," भाऊ म्हणाले.

"वय विचारू नका हं."

"नाही विचारत, बाई."

व्हिडिओ कॉल लागला आणि समोर पिकल्या केसांची बाई हसत बसलेली. त्या नावावरून बाई की पुरुष, हे मलाही कळलं नव्हतं. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हिंदीमिश्रित इंग्रजीत विचारलं, तांदूळ तुटत असेल तर आधी काय पाहाल? ती म्हणाली, "आधी भाताची ओल. यंत्र नंतर." भाऊ खुर्चीत पुढे सरकले. अर्ध्या तासासाठी ठरवलेलं बोलणं बराच वेळ चाललं.

कॉल बंद झाल्यावर ते म्हणाले, "वय लिवलं असतं ना, तर म्या पान पलटवलं असतं." तेवढं बोलून त्यांनी तिला घ्यायला सांगितलं.

हिवाळ्यात ती आमची यंत्रं शिकायला आली. पहिल्याच सकाळी बाह्या सरसावून ती आणि भाऊ तांदूळ चकाकवणाऱ्या पॉलिशरजवळ वाकलेली, आणि गिरणीच्या आवाजात एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत होती. मी चहा तिथेच नेऊन दिला.