इंग्रजीच्या पेपराखालची सही

अडतिसाव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसलं की गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. मी ते बाहेर, आडवे काढायचो. सिल्वासाच्या शाळेत संध्याकाळी पोरं गेली की चौथीच्या वर्गात विद्यार्थी मी एकटा आणि समोर माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असलेल्या बाई. बाई मुंबईच्या, इथे इंग्रजी शिकवायला आलेल्या. मी डहाणूकडचा, प्रशासनाच्या कचेरीत जावक टेबलावरचा दफ्तरी. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातून जायचं. त्यावर क्रमांक घालायचा, तारीख घालायची, रजिस्टरात चढवायचं, पाकीट चिकटवायचं. पत्रात काय लिहिलंय ते मात्र मला धड कळायचं नाही, कारण ते इंग्रजीत असायचं.

दादरा-नगर हवेली भारतात रीतसर सामील होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेरीतलं काम वाढत होतं आणि कारकून पुरत नव्हते. सगळ्या खात्यांतल्या शिपाई-दफ्तरींपैकी जे मॅट्रिक झालेत त्यांच्यातून कारकुनाची एक जागा परीक्षेने भरायची, असं परिपत्रक निघालं. वयाची अट चाळीस. पुढची परीक्षा कधी होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची. मॅट्रिक मी काठावर झालो होतो, त्यानंतरची कितीतरी वर्षं लाकडाच्या वखारीत गेली, आणि होतं नव्हतं ते इंग्रजी भुशात मिसळून गेलं. पण साहेबाची घंटी वाजली की उठायचं, पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि पुन्हा बसायचं, याचा मला मनापासून वीट आला होता. मला ती खुर्ची हवी होती. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बाईंनी पहिल्या दिवशी मला एक उतारा लिहायला दिला. लिहिलेलं वाचून त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं.

"भाऊ, आपण पहिल्यापासून सुरू करू या," त्या म्हणाल्या.

"पहिल्यापासून म्हणजे कुठून?"

"कर्ता आणि क्रियापद. बाकी सगळं विसरा."

विसरायला आधी आठवावं तर लागतं. पण त्यांचं बरोबर होतं. मी मराठीसारखं क्रियापद शेवटी ढकलत होतो. बाई म्हणायच्या, आधी कोण ते सांगा, लगेच त्याने काय केलं ते सांगा, मग उरलेला पसारा. महिनाभर मी तेवढंच केलं. मग एकवचन-अनेकवचन आलं. नामाला 'एस' लागला की ते अनेक होणार, आणि वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लागतो तो मात्र कर्ता 'तो', 'ती' असा एकटा असेल तेव्हा. मी वैतागून विचारलं, "हे असं उलटं कुणी ठरवलं?" बाई म्हणाल्या, "ज्याने ठरवलं तो तुमचा पेपर तपासणार नाही. तुम्ही लिहा." 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवायचं, हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्यांनाच माझी कीव यायला लागली असावी. 'ए', 'ॲन' आणि 'द' यांनी तर जीव नकोसा केला. आपल्या भाषेत ज्या वस्तूची गरजच नाही ती तिथे नेमकी कुठे ठेवायची, हे माणसाला कसं उमगावं?

आमली वस्तीतल्या आमच्या खोलीवर पोहोचेस्तोवर डोळे मिटायला लागायचे. भाकरी वाढता वाढता बायको म्हणायची, "अहो, जेवताना तरी पुटपुटू नका. पोरं हसतात." हसू देत. पोरगी सहावीत होती, तिला मी काळ विचारायचो आणि ती मला चुका दाखवायची. कधी कधी तिच्यावरच ओरडायचो. ती रुसायची, मग मलाच वाईट वाटायचं. एका रात्री बायकोला म्हटलं, "नको हे. म्हातारपणी हे कसलं खूळ!" ती भांडी आवरत म्हणाली, "सोडायचं तर सोडा. पण मग घंटीच्या नावाने घरी येऊन कुरकुर करायची नाही." दुसऱ्या दिवशी मुकाट्याने शाळेत गेलो.

हळूहळू वाक्यं जागेवर बसायला लागली. शेवटी शेवटी बाई पत्रं लिहून घ्यायच्या, कारण पेपरात एक सरकारी पत्र हमखास असतं. पत्राखाली त्या मला 'ए. बी. सी.' लिहायला लावत. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव किंवा सही कुठेही करायची नाही, केली तर पेपर रद्द होतो, असा नियम.

"असलं पत्र आमच्या टेबलावर आलं तर मी परत पाठवीन," मी म्हणालो.

बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "तिथे पाठवा. इथे ए. बी. सी."

माझं ते टेबल म्हणजे या बाबतीत सोवळंच होतं. सहीशिवाय कागद जात नाही, हे मी रुजू झालो त्या दिवशी हेडक्लार्कने सांगितलं आणि मी ते कधी मोडलं नाही. सही राहिलेलं पत्र घेऊन मी मोठ्या साहेबाच्या दारातसुद्धा उभा राहिलेलो आहे.

परीक्षा त्याच शाळेत होती. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचल्या. त्या मला कळल्या, आणि कळल्या म्हणून बरंही वाटलं. रिकाम्या जागा भरल्या, वाक्यं सुधारली, उताऱ्याचा सारांश लिहिला. 'द' जिथे घालायचा तिथे घातला. मग पत्र. रस्तादुरुस्तीबद्दल वरिष्ठांना लिहायचं होतं. लिहीत गेलो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मराठीत जुळवून मग इंग्रजीत करावं लागलं नाही. पत्र संपलं. वर क्रमांक घातला, तारीख घातली. खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा, कचेरी. मग शाई टिपली आणि समाधानाने पेपर दिला.

शाळेच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या. "पत्र?" त्यांनी विचारलं. मी उत्साहाने सगळं सांगायला लागलो, आणि सांगता सांगता सहीपाशी आलो. बाईंनी डोळे मिटून घेतले.

महिन्या-दीड महिन्याने हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन सांगितलं की इंग्रजीचा पेपर रद्द झालाय. "असं कसं केलं तुम्ही?" तो खरंच हळहळला. इंग्रजी आलं नाही म्हणून नापास झालो असतो तर मनाची समजूत घातली असती. त्या दिवशी घरी जाऊन मी रडलो, बायकोसमोर, लाज न बाळगता. पोरगी दारातून बघत होती. बायको फक्त म्हणाली, "जेवून घ्या."

त्यानंतर काही दिवसांनी सह्या होऊन आलेल्या पत्रांचा गठ्ठा टेबलावर आला. त्यात एक नेमणुकीचं पत्र होतं. फॉरेस्टच्या कचेरीतल्या एका शिपायाला कारकुनाच्या त्याच जागेवर घेतल्याचं. तो माझ्याहून बराच तरुण होता. पत्र मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, 'द' कशाला लागलाय, सगळं कळलं. शब्दकोश काढावा लागला नाही, कुणाला विचारावं लागलं नाही.

खाली साहेबाची सही राहिली होती.

पत्र हातात घेऊन थोडा वेळ बसलो. मग उठलो, साहेबाच्या खोलीत गेलो, पत्र समोर ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, सही."

त्यांनी केली. मी क्रमांक घातला, तारीख घातली आणि पाकीट चिकटवलं.