गाळलेला शब्द

विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात शेतकऱ्यांचे फोन मशीन ऐकून टाइप करतं. त्याच्या चुका मोजायच्या तर माणसाने ऐकून लिहिलेली पक्की प्रत लागते. ती कोऱ्या पानावर लिहायचा मला कंटाळा. मी मशीनचाच मजकूर समोर ठेवून दुरुस्त केला आणि तीच पक्की प्रत धरली. अक्षरांचा आणि शब्दांचा, दोन्ही चूक-दर, म्हणजे शंभरात किती चुकले ते, अपेक्षेपेक्षा कमी निघाले. साहेबांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले.

मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तेच फोन नुसते ऐकून लिहिले, आणि दर दुपटीवर गेले. मी लगेच देवनागरीवर ढकललं. ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो एकच, पण संगणक वेगळा धरतो आणि त्या एका अक्षरापायी अख्खा शब्द चूक ठरतो. बाईंनी दोन्हीकडचे ‘ऱ’ एकसारखे करून पुन्हा मोजलं. दर जेमतेम उतरले.

“हेडफोन लावा,” त्या म्हणाल्या.

इस्लामपूरकडचे एक आजोबा सांगत होते, “पानी आलं न्हाई.” मशीनने शेवटचा शब्द गाळला होता. समोरचं वाचत ऐकताना मीही ‘पाणी आलं’ एवढंच ऐकलं होतं.

मशीनची ती चूक आता मोजली गेली आहे. माझी कुठल्याच दरात धरत नाहीत.