उत्तर न काढणारी शीलाताई

शीलाताईला गणित येत नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. जाफराबादेत आमच्या बॅचमध्ये तिच्याएवढं गणित कुणालाच येत नव्हतं. तिची अडचण वेगळीच होती. नदीच्या उलट दिशेला नाव वल्हवणारा माणूस गणितात आला की ती वेग काढायची सोडून विचारायची, "हा एवढ्या उन्हाचा कुठं निघाला असंल गं, प्रभा?" मग खिडकीबाहेर बघत बसायची. तिच्या डोळ्यांत ती नदी दिसायची, पलीकडचा काठ दिसायचा, काठावर वाट बघणारं कुणीतरी दिसायचं. पाच मिनिटांनी अचूक उत्तर लिहायची. तोवर आमची चार गणितं झालेली असायची.

तिचं पूर्ण नाव सत्यशीला. वडील नव्हते. आई द्वारकाबाई सरकी फोडायच्या कारखान्यात कामाला जायची. शीलाताई दोनदा बँकेच्या परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा वेळ अपुरा पडून राहिली. सत्त्याण्णव सालची परीक्षा तिची शेवटची होती, कारण त्यानंतर तिचं वय अटीत बसणार नव्हतं. त्यात झालं तर नोकरी, नाहीतर आईच्या शेजारी कारखान्यात बसायचं, हे ठरलेलं होतं.

क्लास बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी भरायचा. शिकवायचे सर्जेराव सर. ते भोकरदनला बँकेत क्लार्क होते आणि ऑफिसरच्या परीक्षेत स्वतः तीनदा आपटले होते, त्यामुळे पोरं कुठं आपटतात ते त्यांना बराबर माहीत होतं. फी म्हणून चहा, तोही आम्हीच आलटूनपालटून करायचा.

त्या वर्षी सरांनी डाटा सफिशियन्सी हाती घेतली. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नाही. फक्त सांगायचं, पहिलं एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, कुठलंही एक चालतं का, दोन्ही मिळूनच पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. पाच पर्याय, पाच आकडे.

पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला पाडलं. प्रश्न होता: जाफराबादहून जालन्याला एसटी किती वेळात पोचेल? पहिलं विधान, गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर. दुसरं, गाडी वाटेत तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबते. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, दोन्ही मिळून पुरतात.

"अंतर कुठाय?" सरांनी विचारलं.

"सर, जालन्याचं अंतर काय आम्हाला ठावं न्हाई? दर आठवड्याला जातो की!" मी म्हणाले.

"तुला ठावं हाय. प्रश्नाला ठावं न्हाई. पेपरात तुझं गाव घेऊन जायचं न्हाई, प्रभावती. दोन्ही मिळून बी पुरत न्हाई."

मला राग आला. शीलाताई मात्र हसत होती. तिला म्हणे ती एसटी कुठंच न पोचता नुसती चालत राहिलेली दिसली.

हसली खरी, पण या प्रकारात तीच सगळ्यांत जास्त अडकली. शेताची परिमिती दोनशे मीटर आणि लांबी रुंदीपेक्षा वीस मीटर जास्त, तर क्षेत्रफळ किती? दोन्ही मिळून पुरतात, एवढं कळलं की पुढं जायचं. शीलाताई साठ गुणिले चाळीस करून चोवीसशे चौरस मीटर लिहायची आणि मग त्या शेतात काय पेरलं असेल त्याच्या विचारात पडायची. सर कपाळाला हात लावायचे.

एका रविवारी सरांनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "आजपासून लिहायचं न्हाई. डावा पंजा दुसऱ्या विधानावर ठेव. त्याखाली काय हाय ते तुला ठावंच न्हाई. पहिल्यानं भागतं का बघ. मंग पंजा पहिल्यावर ठेव, आन् पहिलं बिलकुल विसरून दुसरं बघ. एकट्यानं भागलंच न्हाई, तरच हात उचल."

दोन महिने ती तशीच बसली, कागदावर पंजा ठेवून, डोळे अर्धे मिटून. बाहेर पिंपळाची पानं हलायची आणि ती हळू आवाजात आकडे सांगायची. एकदा सरांनी मुद्दाम फसवायला घातलं: मोसंबीची एक पेटी किती किलोची? पहिल्या विधानात मोसंबीच्या दोन आणि द्राक्षांच्या तीन पेट्या मिळून ऐंशी किलो. दुसऱ्यात मोसंबीच्या चार आणि द्राक्षांच्या सहा मिळून एकशे साठ. मी जोरात म्हणाले, दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणजे पुरतात! शीलाताईनं पंजा सरकवला, पुन्हा सरकवला आणि म्हणाली, "न्हाई सर. दोघंबी एकच बोलून राह्यलेत. दुसऱ्यानं फक्त दुप्पट करून सांगितलं." सरांनी त्या दिवशी तिचा चहा स्वतः केला.

परीक्षा औरंगाबादला होती. मीही बसले होते, तिच्या मागच्या बाकावर. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा मी मान वर केली. तिचा डावा हात कागदावर सरकत होता, थांबत होता, उचलला जात होता. मला वाटलं, हिला झोप लागतेय. मी माझ्या प्रश्नाकडे वळले. आईचं वय किती? आई आणि मुलीच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस. सहा वर्षांपूर्वी आई मुलीच्या पाचपट होती. दोन्ही मिळून पुरतात हे मला दिसत होतं, देवाशपथ दिसत होतं. पण हात थांबेना. मी समीकरण मांडलं, सोडवलं, ताळा करून बघितला. छत्तीस! आणि घंटा झाली. माझे नऊ प्रश्न कोरे राहिले होते.

परतीच्या गाडीत शीलाताई काचेला डोकं टेकून बसली होती. बाहेर कपाशीची रानं मागं पळत होती. मी तिला आईच्या वयाचा आकडा सांगायला लागले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नको, प्रभा. मी त्या आईला तशीच सोडून आले. लई जीव तुटला, पण सोडून आले."

मी मात्र मनातल्या मनात खूश होते. माझं उत्तर बरोबर होतं ना!

निकाल दीड महिन्यांनी पेपरात आला. तिचा नंबर होता. माझा नव्हता. मी तो बारीक अक्षरांचा रकाना तीनदा वाचला आणि मग तिच्या घरी गेले, कारण न गेले असते तर पुन्हा कधीच गेले नसते. मला तिचा हेवा वाटत होता. तो लपवण्याइतकी मी चांगली नव्हते.

द्वारकाबाई दारातच रडत-हसत उभी होती. तिनं मला साखर दिली आणि विचारलं, "आन् पोरी, तुझं?"

"न्हाई," मी म्हणाले.

शीलाताई आतून आली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिचाच चेहरा पडला. "आसं कसं गं? तुला तर सगळी उत्तरं आल्ती."

"आल्ती," मी म्हणाले, आणि तोंडातली साखर तशीच ठेवून मी रडायला लागले. "आल्ती गं ताई, म्हणून तर काढत बसले."