तीन रेघा, ए व्वाला

मले नकला करायचा नाद. खामगावात आमच्या कापसाच्या जिनात रुई पाह्यासाठी एक फ्रेंच साहेब काही हंगाम राह्यला. त्याच्या चिठ्ठ्या तो सांगे तशा मी लिवत होतो, अन् तो बाहीर गेला का त्याच्याच आवाजात साऱ्यायले हुकूम सोडत होतो. साहेब सदा चिरूट ओढे, नाकात बोले, मधातच थांबे, घशात बोर अडकल्यावानी. कागदावर सही पाह्यजे असली का कागद समोर सरकवून म्हने, "त्रुआ त्रे द प्लूम, ए व्वाला." म्हंजे टाकाच्या तीन रेघा मारा, झालं.

मंग साहेब त्याच्या देशी, हाव्र बंदरातल्या पेढीवर गेला. त्याचं फ्रेंच माह्यापाशी राह्यलं. पन जे होतं ते त्याच्याच तोंडचं. दुसरं मले येतच नोव्हतं.

एका वर्सी त्या पेढीची रुईची मागनीच थांबली. मुनीमजीनं इंग्रजीत लंब्या लंब्या चिठ्ठ्या धाडल्या. एकीचंही उत्तर नाही. शेठजी म्हने, मागनी आली नाही तं औंदा जिन उघडत नाही. माही माय तिथंच बसून रुईतली कवडी, म्हंजे किडका कापूस, वेचे. घरात दुसरं कमवनारं म्हंजे मी, अन् माह्या कमाईत पैशापरीस नकलेच्या टाळ्या जास्त.

मी म्हनलं, "शेठजी, लंब्या चिठ्ठीले कोन उत्तर देते? आपन सोपं करून देऊ."

पोस्टातून जोडकार्ड आनलं. एक अर्ध त्यायनं वाचाचं, दुसरं फाडून आपल्याले परत टाकाचं. परतीचं तिकीट आपलंच, पत्ताही आपनच लिवून ठेवाचा. मागच्या रुईच्या गाठीचा नंबरही आधीच टाकला, म्हंजे त्यायले शोधा लागू नये. मंग सवाल: रुई साफ होती का, कोरडी होती का, धागा पसंत पडला का. सारे असे बसवले का 'वुई' म्हंजे चांगलंच. समोर वुई अन् नों, म्हंजे हो अन् नाही, जे नको ते खोडा. खाली लिवाले दोन वळी रिकाम्या, काही सांगाचं असलं तं.

मुनीमजी कार्डाकडे पाहून म्हने, "आपल्याच हातानं गिऱ्हाइकाले 'नाही' लिवून देऊन राह्यला काय बे?"

"नाही म्हनाले जागा नाही देली, तं तो बोलतच नाही मुनीमजी. गुपचूप दुसऱ्याच्या दुकानात जाते."

"लय शाना झाला."

पन शेवट काही सुचेना. मी साहेबाच्या खुर्चीत बसलो, नाकात बोलाले लागलो, अन् जे तोंडातून निंघालं ते लिवत गेलो. तळाशी आपोआप आलं, त्रुआ त्रे द प्लूम, ए व्वाला. मुनीमजीनं वहीतून मान वर केली.

"चिरूट कोन ओढते?"

कोनीच ओढत नोव्हतं. वास मलेही आला.

किती तरी दिसानं उत्तर आलं. डाकवाल्यानं हसत हातात देलं, मुनीमजीनं ते लक्ष्मीच्या तसबिरीपाशी ठेवलं. साऱ्या 'नों'वर रेघा. माय दारात उभी होती, तिनं पदर डोक्यावर घेतला. शेठजी खुश.

"खाली काय लिवलं? वाच. साहेबाच्या आवाजात वाच."

मी नाकात सुरू केलं, अन् काठापावतर बारीक लिवलेली एक एक वळ मराठीत सांगत गेलो. रुई पसंत हाय. रुई निवडनारा आमचा मानूस, जो तुमच्याकडं होता, तो हिवाळ्यात वारला. त्याच्या भरवशावर आम्ही घेत होतो, म्हून थांबलो. अन् मंग तुमचं कार्ड आलं. तळाचं वाक्य त्याचंच, असं दुसरं कोनी म्हनत नोव्हतं. तिकडं कोन बोलून राह्यलं?

मी थांबलो. आवाज त्याच्यासारखाच थांबला, घशात बोर अडकल्यावानी.

मुनीमजी उठला. माह्या हातून कार्ड घेऊन ओट्यावर गेला अन् त्याचा कोपरा फाडला. आपल्याकडं मरनाचं कार्ड कोपरा फाडून येते, ते बाहीरच वाचतात, घरात नेत नाहीत. फ्रेंचायले ते काय मालूम. आम्ही तं लक्ष्मीपाशी ठेवलं होतं. साऱ्यायनं विहिरीवर आंघोळ केली. माह्या डोक्यावर मायनं पानी ओतलं.

कपडे वाळले का शेठजी म्हने, "उत्तर तं द्या लागीन."

मी खरं लिवलं, का मी त्याच्या हाताखाली शिकलो, त्याचंच बोलतो. नवं जोडकार्ड जोडलं, मागनी पाठवता का, वुई, नों. ते वाक्य मुद्दाम गाळलं.

मागनी आली. जिन उघडलं, माय कामावर गेली. पन कार्डावर खाली, जिथं वळी रिकाम्या होत्या, तिथं त्यायनं माह्या गाळलेल्या वाक्याचे शब्द लिवले होते, अन् बाजूले: हे काऊन सोडलं? आम्ही त्याचीच वाट पाह्यत होतो.

तवापासून दर हंगामी ते वाक्य जाते. ते लिवायच्या वक्ताले मी हापिसाचं दार उघडं ठेवतो, अन् साहेबाच्या खुर्चीत बसत नाही. उभ्यानंच लिवतो. चिरुटाचा वास तरी येतेच.