खालून ठणठणीत

जनार्दनरावांना खालून बघायची सवय होती. खानदेशातून बडोद्याला आले ते कोयलीच्या रिफायनरीत लागले आणि सारी नोकरी त्यांनी पाइपांखालून फिरण्यात घालवली. मान वर, हातात छोटी हातोडी. गळती असली की थेंब खालीच दिसणार, हा त्यांचा मंत्र. निवृत्त होऊन मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तरी मान काही सरळ झाली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसले तरी हा गृहस्थ आधी छत बघणार. नयनाताई म्हणायच्या, ‘अहो, श्रीखंड ताटात आहे, वर नाही.’

नयनाताईंचा जीव बाल्कनीत. लोखंडी स्टँडचा झोपाळा, बडोद्याच्या बोलीत हिंचका, त्यांनी अगदी कठड्यालगत ओढून घेतला होता. दुपारचा चहा तिथेच, भाजी निवडणंही तिथेच. गेल्या वर्षी झाडताना त्यांना दाराच्या उंबऱ्याला लागून एक भेग दिसली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. ‘अहो, नख जातंय यात.’

जनार्दनरावांनी वरून नुसती नजर टाकली. मग हातोडी घेऊन खालच्या मजल्यावर गेले, तिथल्या बाल्कनीत उभं राहून आपल्या बाल्कनीचा तळ ठोकून पाहिला. प्लास्टर गुळगुळीत, आवाज भरीव. ‘खालून ठणठणीत आहे,’ म्हणाले, ‘उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.’ बायकोचं मन राखायला म्हणून जुन्या फरशीवर नवी फरशीही बसवून दिली. भेग दिसेनाशी झाली. नयनाताईंनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा एका दुपारी बाल्कनी भिंतीपासून तुटून खाली गेली, हिंचक्यासकट, नयनाताईंसकट. जनार्दनराव आत चहात साखर ढवळत होते.

तेराव्यापर्यंत मुलगी आकांक्षा बापाजवळून हलली नाही. भेटायला येईल त्याला सांगत होती, बिल्डरने सिमेंट खाल्लं, बाबांनी तर स्वतः तपासलं होतं. जनार्दनराव मान डोलवत. माणसाला कशाचा तरी आधार लागतोच, त्यांनी या एका वाक्याचा धरला होता.

मग सोसायटीने इंजिनिअर बोलावली. मैथिली तिचं नाव. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी केयूरभाईंचं म्हणणं, बाकीच्या बाल्कन्यांना खालून प्लास्टर मारून घेऊ. मैथिली म्हणाली, या बाल्कन्या कॅन्टिलीव्हर आहेत, खालच्या प्लास्टरने काही होणार नाही.

‘कॅन्टिलीव्हर म्हणजे काय हो?’ जनार्दनरावांनी विचारलं. रिफायनरीत हा शब्द त्यांनी हजारदा ऐकला होता, पण पुढे आलेलं काहीतरी, एवढाच त्याचा अर्थ धरला होता.

‘एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं मोकळं,’ मैथिली म्हणाली. ‘काका, हात समोर ताठ धरा आणि त्यात भरलेली बादली आहे समजा. ओढ कुठे बसते?’

जनार्दनरावांनी हात धरला. ‘खांद्याला. वरच्या बाजूला.’

तसंच बाल्कनीचं, ती सांगू लागली. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो, तो मध्ये वाकतो, त्याला ताण खालून बसतो. बाल्कनीला पुढे आधार नाही, तिला घराने मागून धरलेलं. तिचा ताण वर, म्हणून मुख्य सळ्याही वर. वजन कठड्याकडे जाईल तशी ओढ वाढते. भेग पडते ती वरून, भिंतीलगत, आणि तिथून पाणी मुरून सळ्या गंजतात. तळाला मात्र काहीच दिसत नाही.

जनार्दनरावांचा हात अजून तसाच समोर होता.

अशी भेग कुणी पाहिली होती का, मैथिलीने विचारलं. जनार्दनराव गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? फरशीचा चुरा कधीच उचलून नेला होता. पण वर अजून चार घरं तशाच बाल्कन्यांत कपडे वाळत घालत होती.

‘नयनाला दिसली होती,’ जनार्दनराव म्हणाले. ‘मी खालून पाहिलं. आणि वर फरशी घातली.’

आकांक्षाचा हात बापाच्या खांद्यावर होता. तो तिने काढून घेतला. तिला दोष कोण देणार? केयूरभाई मान खाली घालून हळूच म्हणाले, फरशीवर फरशी आम्हीही घातली आहे.

त्याच दिवशी बाल्कन्यांची दारं बंद झाली. खाली जमिनीपासून टेकू लागल्यावर केयूरभाईंच्या घरी कामगाराने दारातूनच, आत बसून, उंबऱ्यालगतची फरशी उचलली. खाली भेग होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

जनार्दनराव उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मान खाली घालून काही तपासत होते. त्यांनी भेगेत नख घातलं. ते आत गेलं.